पोटात लेकरू असताना खर्रा: मोजायचा कसा, सोडायचा कसा आणि पाजताना काय करायचं

गरोदरपणातल्या व्यसनाचा विषय निघाला की बहुतेक लेख सिगारेट आणि दारूवर बोलतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत बाई सिगारेट ओढत नाही. तिच्या पदराच्या गाठीला असते ती खर्र्याची पन्नी. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून मिश्रण ओलसर, काळपट होईस्तोवर घोटायचं आणि चिमटीनं गालात धरायचं. रोवणीच्या दिवसांत तर सकाळची भाकर उशिरा आणि खर्रा आधी, अशीच सवय असते. म्हणून हा लेख मुख्यतः खर्र्यावर आहे. चहा आणि मोहाची दारू याबद्दल शेवटी लिहिलं आहे, कारण शरीराच्या आत या तिघांचं वागणं एका बाबतीत सारखं आहे: मायच्या अंगातून ते जितक्या लवकर उतरतं, तितक्या लवकर लेकराच्या अंगातून उतरत नाही.

गालातला खर्रा नाळेपर्यंत कसा पोहोचतो

खर्र्यात चुना चवीसाठी आहे असं वाटतं, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. तंबाखूतलं निकोटिन चुन्याच्या क्षारामुळे मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातं. थुंकी गिळली नाही, सगळी थुंकून टाकली, तरी ते पोहोचतंच. म्हणून "मी रस गिळत नाही" या भरवशावर राहता येत नाही.

रक्तातलं निकोटिन नाळ अडवत नाही. बाळाकडचं प्रमाण मायच्या रक्ताइतकं, कधी त्याहून थोडं जास्तही असतं. निकोटिनमुळे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे नाळेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि बाळाला मिळणारं अन्न व प्राणवायू घटतो. त्यात सुपारीची भर पडते. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्यही नाळेतून पार होतं, आणि सुपारी खाणाऱ्या बायांची बाळं कमी वजनाची आढळली आहेत.

मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा करून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिशरी लावत होत्या, धूर काढणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. त्याच स्त्रियांवरचा पुढचा निष्कर्ष २००६ चा आहे. तंबाखू वापरणाऱ्यांत शंभरामागे सुमारे ९ बाळं मृत जन्मली, न वापरणाऱ्यांत सुमारे ३. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत इथेच संपते.

१०५ ग्रॅम ऐकायला कमी वाटतात. पण आपल्याकडे आधीच पुष्कळ बाया अशक्त असतात, रक्त कमी असतं, आणि बाळ २५०० ग्रॅमच्या रेषेच्या आसपासच जन्मतं. तिथे शंभर ग्रॅमने बाळ रेषेच्या खाली जातं. काही घरांत "बाळ लहान राहिलं तर बाळंतपण सोपं जाईल" असंही बोलतात. लहान बाळ बाहेर यायला सोपं असेलही. पण ते अंग गरम ठेवू शकत नाही, जोर लावून ओढत नाही आणि जंतूंना लवकर बळी पडतं. त्या सोयीची किंमत पहिल्या महिन्यात बाळ चुकवतं.

पहिली पायरी: प्रश्न नीट विचारा

तपासणीच्या दिवशी "तंबाखू खाता का?" असा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं: "नाई बाई, तंबाखू नाई खात." बाई खोटं बोलत नसते. तिच्या लेखी खर्रा म्हणजे खर्रा आणि तंबाखू म्हणजे तंबाखू. गुडाखू तर तिच्या लेखी दात घासायचं मंजन. म्हणून आशाताईंनी आणि सिस्टरांनी प्रश्न असा विचारावा: "ताई, दिवसभरात तोंडात काय काय टाकता? खर्रा, पान, सुपारी, गुडाखू, नस, काहीही असू द्या." हा प्रश्न सासू-नवऱ्यासमोर विचारू नये. वजन करायला बाजूला नेलं की तिथे विचारावा.

लगेच दुसरा प्रश्न विचारावा: "सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळानं?" अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय घट्ट आहे आणि सोडताना जास्त आधार लागणार, हे तिथेच कळतं. दिवसातल्या संख्येपेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

एक गोष्ट बाईला समजावून सांगण्यासारखी आहे. गरोदरपणात शरीर निकोटिन नेहमीपेक्षा जास्त वेगाने बाहेर टाकतं, म्हणून तलफ लवकर लवकर येते. "आता पोटुशी असताना खर्रा जास्तच लागतो" असं ती म्हणते तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शरीराचंच ते कारण आहे. पण मन राखायला वाढवलेल्या प्रत्येक खर्र्याचा वाटा बाळाकडे जातो.

दुसरी पायरी: तीन दिवस पन्न्या साठवा

एक उदाहरण घेऊ. चौथा महिना लागलेली, रोजंदारीवर रोवणीला जाणारी बाई. विचारलं तर सांगते, "दोन-तीन होतात." तिला एक रिकामा डबा द्या आणि सांगा: तीन दिवस काहीच सोडायचं नाही, फक्त खर्रा संपला की रिकामी पन्नी डब्यात टाकायची. नवरा घोटतो त्यातली चिमूट घेतली असेल तर एक खडा टाकायचा.

तीन दिवसांनी डब्यात चौदा पन्न्या आणि नऊ खडे निघाले, म्हणजे दिवसाला जवळपास पाच पुड्या आणि तीन चिमट्या. आता पुढचा प्रश्न विचारा: कुठला कधी? समजा उत्तर असं आलं: पहिला उठल्याबरोबर, कारण मळमळतं. दुसरा संडासला जाण्याआधी. तिसरा बांधावर, सगळ्या जणी खातात म्हणून. चौथा दुपारी भूक मारायला. पाचवा रात्री, नवरा घोटतो तेव्हा. चिमट्या मधल्या वेळेत. आता खर्रा सोडायचा म्हणजे पाच वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. डबा न ठेवता "सोडून द्या" म्हटलं की बाई दोन दिवस सोडते आणि तिसऱ्या दिवशी मळमळीपाशी अडकते.

तिसरी पायरी: एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण बंद

पाचवरून चार, चारवरून तीन असं महिनोनमहिने कमी करत राहिलं तर बहुधा दोनवर गाडी थांबते आणि बाळंतपण येतं. त्यापेक्षा आठवड्याच्या आत एक तारीख ठरवावी. तोवर रोज एक कमी करायला हरकत नाही, पण तारखेला शून्य. शक्यतो रोवणीच्या धामधुमीतला दिवस घेऊ नये. बांधावर सगळ्यांच्या हातात पन्नी असताना पहिला दिवस निभावणं कठीण जातं.

गावात एक भीती असते: "एकदम सोडलं तर पोटातल्या लेकराला झटका बसेल." तंबाखूच्या बाबतीत असं होत नाही. एकदम सोडल्याने बाईची चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप मोडते. बाळाला मात्र त्याच दिवसापासून रक्त बरं मिळू लागतं. (रोजच्या दारूचं मात्र वेगळं आहे, ते पुढे लिहिलं आहे.)

पहिल्या तीन महिन्यांत सोडलं तर फायदा सर्वात जास्त. पण सातवा लागला म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणू नये. बाळाचं वजन सर्वात जास्त शेवटच्या तीन महिन्यांतच वाढतं.

आता उदाहरणातल्या पाच खर्र्यांकडे वळू.

सकाळच्या मळमळीसाठी रात्री उशाशी मूठभर मुरमुरे किंवा भाकरीचा कोरडा तुकडा झाकून ठेवायचा. डोळे उघडले की अंथरुणातच तो खायचा आणि पंधरा मिनिटांनी उठायचं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, खर्रा फक्त तोंडाची चव बदलतो. एवढं करूनही उलट्या थांबत नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं. गरोदरपणात चालणारी गोळी असते, ती मागून घ्यायला संकोच करू नये.

संडासचा खर्रा सर्वात चिवट असतो. निकोटिन आतड्याला हलवतं, त्यामुळे सोडल्यावर खरोखरच पोट बांधलं जातं. त्यातच रक्तवाढीच्या लाल गोळ्या सुरू असतात आणि त्यानेही संडास घट्ट होते. बाई दोन्हींचा दोष खर्रा सोडण्यावर टाकते आणि पुन्हा सुरू करते. कधी लोहाची गोळीच बंद करते, ते तर आणखी वाईट. म्हणून खर्रा सोडायच्या दोन दिवस आधीपासूनच सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात अंबाडी किंवा मेथीची भाजी आणि मिळेल तेव्हा पेरू, असं सुरू करावं. तरीही तीन दिवस संडास झाली नाही तर सिस्टरांना विचारून इसबगोल घ्यावा. घरगुती जुलाब घेऊ नये.

बांधावरच्या आणि अधल्यामधल्या चिमटीसाठी तोंडाला काम हवं. भाजलेली सोप, फुटाणे, वाळवलेला आवळा, यातलं एक पदराला बांधायचं, त्याच गाठीला जिथे आधी पन्नी असायची. तलफ चढते आणि बहुधा पाच मिनिटांत उतरते. तेवढ्यात सोप चावायची, पाणी प्यायचं, जागा बदलायची. भूक मारणारा दुपारचा खर्रा मात्र सोपेने जात नाही, त्याला अन्नच लागतं. अंगणवाडीतून मिळणारा आहार घरी सगळ्यांत वाटला जातो. तो त्या बाईच्या वाट्याला जावा, एवढं घरच्यांनी पाहावं.

इथे हमखास एक चूक होते: तंबाखू सोडून "साधी सुपारी" धरली जाते किंवा खर्रा सोडून गुडाखू घासला जातो. सुपारीतही अरेकोलिन आहे आणि गुडाखू तर तंबाखूच आहे. पन्नीतली सुपारी तशीच राहिली तर हात तीच सवय चालू ठेवतो आणि महिनाभरात तंबाखू परत येतो.

रात्रीचा खर्रा हा बाईचा प्रश्न नाही, नवऱ्याचा आहे. त्याला सोडायला जमत नसेल, तर निदान घरात घोटू नये, पुडी घरात ठेवू नये आणि बिडी ओढायची तर अंगणाबाहेर. हे आशाताईने नवऱ्याशी थेट बोलावं. बाईच्या तोंडून निरोप गेला तर भांडण होतं.

चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. मध्येच एखादा खर्रा तोंडात गेला तर "सगळं गेलं" असं समजू नये. तो थुंकून चूळ भरायची आणि कुठल्या वेळेला अडकलो ते पाहून तिथला उपाय बदलायचा. फोनवर आधार हवा असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

औषधाबद्दल एवढंच: निकोटिनचं च्युइंग गम दुकानातून आपल्या मनाने आणू नये. समजावणं, उपाय, सगळं करूनही जमत नसेल तर डॉक्टर फायदा-तोटा तोलून ते देऊ शकतात. त्यातही निकोटिन आहे, पण खर्र्यातली सुपारी आणि बाकीचं विष नाही. सवय सोडवणाऱ्या इतर गोळ्या गरोदरपणात वापरत नाहीत.

बाळंतपणानंतर: पाजणं थांबवू नका

नऊ महिने सांभाळलेली बाई बाळंतपणानंतर पुन्हा खर्र्याकडे वळते, हे वारंवार घडतं. कारण सोपं आहे: "आता पोटात नाही ना." पण निकोटिन दुधात उतरतं, आणि दुधातलं प्रमाण मायच्या रक्तापेक्षा दीड ते तीन पट असतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. नवजात बाळाला त्यासाठी अकरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे मायने दिवसातून चार वेळा खर्रा खाल्ला, तर बाळाच्या अंगातलं आधीचं उतरायच्या आतच पुढचं येत राहतं. अशी बाळं कमी झोपतात, कुरकुरतात. निकोटिनमुळे दूधही कमी येऊ शकतं आणि मग घरात वरचं दूध सुरू करायची घाई होते.

तरीही खर्रा सुटला नाही म्हणून अंगावरचं दूध तोडू नये. बाटलीतल्या दुधाने आणि तिथल्या पाण्याने होणारी हगवण हा बाळासाठी मोठा धोका आहे. सुटेपर्यंत निदान असं करावं: आधी बाळाला पोटभर पाजायचं, मगच खर्रा, आणि पुढचं पाजणं दोन-तीन तासांनी आलं तर बरं. पण बाळ भुकेलं असेल तर थांबवायचं नाही, लगेच पाजायचं. खर्रा खाल्ल्यावर चूळ भरायची आणि हात साबणाने धुवायचे, कारण त्याच बोटांनी बाळाच्या तोंडाला हात लागतो. पन्नी बाळाच्या अंथरुणाजवळ ठेवायची नाही.

आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी जाऊन नवजात बाळाला सांभाळण्याची ही पद्धत मुळात गडचिरोलीतच उभी राहिली. या प्रत्येक भेटीत बाळाच्या वजनाबरोबर "पन्नी सुरू झाली का?" हेही विचारावं. सुटलेली सवय परत लागायचा धोका या सहा आठवड्यांत मोठा असतो.

चहा: बंद नको, चमचा मोजा

चहातलं कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, असं बहुतेक तज्ज्ञ गरोदर आणि पाजत्या बायांना सांगतात. कपाने मोजून हे कळत नाही, चायपत्तीने मोजावं. एका लहान चमच्यात साधारण दोन ग्रॅम चायपत्ती बसते आणि त्यातून ४० ते ६० मिलिग्रॅम कॅफिन उतरतं. म्हणजे तिच्या वाट्याला दिवसभरात तीन सपाट चमच्यांची पत्ती आली तरी ती मर्यादेत आहे. पातेल्यात जुनी पत्ती ठेवून वर नवी घालत दिवसभर उकळत राहिलं, तर मोजणं अशक्य होतं. तिच्यासाठी चहा वेगळा करावा.

गरोदरपणाच्या शेवटी मायच्या अंगातून कॅफिन उतरायला एरवीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि नवजात बाळाच्या अंगात ते निम्मं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. पहिल्या महिन्यात बाळ टक्क जागं राहत असेल, हातपाय थरथरत असतील, तर मायचा चहा आठवडाभर कमी करून पाहावा.

खर्रा सोडलेल्या बाया चहा वाढवतात, तिथे लक्ष ठेवावं. आणि लाल गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहातल्या तुरट द्रव्यामुळे लोह अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

मोहाची दारू

गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण ठरवता आलेलं नाही, म्हणून ते शून्य धरायचं. दारू नाळेतून जशीच्या तशी जाते आणि बाळाच्या मेंदूच्या घडणीत आयुष्यभराचा दोष राहू शकतो: शिकणं, लक्ष लागणं, राग आवरणं या सगळ्यांत. जन्मतः बाळ ठीक दिसलं तरी तो दोष शाळेत गेल्यावर उघड होऊ शकतो. मोहाची घरची दारू किती कडक आहे हे भट्टीगणिक बदलतं, म्हणून "एकच पेला" याला काही अर्थ उरत नाही. मोहफुलं भाजून, शिजवून खाल्ली तर त्यात दारू नसते, ती खायला हरकत नाही. आंबवून गाळली की ती दारू.

रोज पिणाऱ्या गरोदर बाईने मात्र घरच्या घरी एकदम सोडू नये. हातांना कंप, दरदरून घाम, भास, झटका ही दारू तुटल्याची लक्षणं माय आणि बाळ दोघांनाही घातक आहेत. तिला आधी रुग्णालयात न्यावं, तिथे औषधाखाली सोडवतात. व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे आणि झटका आला तर १०८ ला फोन करावा.

बाळंतिणीला थकवा उतरावा म्हणून घोटभर देण्याची पद्धत कुठे कुठे आहे. दारूने दूध वाढत नाही, उलट ते सुटायला अडखळतं. दुधातलं दारूचं प्रमाण रक्तातल्याइतकंच असतं आणि दूध पिळून टाकल्याने ते लवकर उतरत नाही, वेळ गेल्यावरच उतरतं. एका लहान मापाच्या दारूला साधारण दोन तास लागतात, पण मोहाच्या दारूचं मापच माहीत नसतं. म्हणून प्यायली असेल तर ती पूर्ण उतरेपर्यंत बाळाला दुसऱ्या बाईजवळ द्यावं आणि पिण्याआधी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजावं. विदर्भाच्या उन्हाळ्यात असं दूध तासाभरात संपवावं. त्या रात्री माय आणि बाळ एका अंथरुणात झोपू नयेत, कारण नशेत कूस बदलताना बाळ दबल्याचं कळत नाही.

कधी थांबायचं नाही

गरोदरपणात बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, किंवा दोन तपासण्यांमध्ये पोटाची उंची वाढली नाही, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी जावं आणि तिथे खर्र्याचं खरं प्रमाण सांगावं. जन्मलेलं बाळ १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा हलवून जागं करूनही सुस्तच राहत असेल, तर त्याला मायच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पदर-चादर गुंडाळून तसंच रुग्णालयात न्यावं.